विकत मिळणारी उलाढाल

२०२४ साली इथेरियमवर नेक्सफंडएआय नावाचे एक टोकन आले. त्याच्यामागे कंपनी होती, संकेतस्थळ होते, मोठमोठी उद्दिष्टे होती. बाजारात रोज येणाऱ्या शेकडो छोट्या टोकनांसारखेच ते दिसत होते. फरक एवढाच की ते काढणारी संस्था अमेरिकेची एफबीआय होती. छोट्या टोकनांची उलाढाल फुगवून देण्याचा धंदा कोण करतो आणि कसा करतो, हे तपासयंत्रणेला आतून पाहायचे होते. त्यासाठी तिने स्वतःच गिऱ्हाईक व्हायचे ठरवले. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी बोस्टनच्या सरकारी वकिलांनी १८ व्यक्ती आणि कंपन्यांवरचे आरोप जाहीर केले, तेव्हा हे टोकन कोणाचे होते ते जगाला कळले. अडीच कोटी डॉलरहून अधिक मूल्याची क्रिप्टो मालमत्ता जप्त झाली आणि सुमारे ६० टोकनांची खोटी उलाढाल करणारे बॉट बंद पाडण्यात आले.

या प्रकरणाकडे मराठी वाचकाने लक्ष द्यावे असे मला मनापासून वाटते, कारण आपल्याकडेही मोबाइलवर टोकन घेणारा माणूस दोनच आकडे पाहतो. एक भाव आणि दुसरा चोवीस तासांतील उलाढाल. भाव वर जाताना दिसला तरी तो थोडा बिचकतो, पण उलाढाल मोठी दिसली की त्याची भीड चेपते. एवढे लोक घेत-विकत आहेत म्हणजे यात काहीतरी असणार, असे त्याला वाटते. गर्दी पाहून वडापावची गाडी निवडावी तसा तो टोकन निवडतो. वडापावच्या बाबतीत हा अंदाज बहुधा बरोबर ठरतो, कारण गाडीपुढे उभी असलेली माणसे खरी असतात. टोकनाच्या बाबतीत ही गर्दी दरपत्रकाप्रमाणे विकत मिळते. एफबीआयने हेच सिद्ध केले.

धंद्याचे नाव मार्केट मेकिंग. खरा मार्केट मेकर हा बाजारातला उपयोगी माणूस असतो. तो एकाच वेळी खरेदीचा आणि विक्रीचा भाव लावून बसतो, त्यामुळे विकणाऱ्याला घेणारा आणि घेणाऱ्याला विकणारा लगेच मिळतो. दोन भावांमधल्या फरकातून त्याची कमाई होते आणि भाव उलटा फिरला तर तोटाही त्यालाच सोसावा लागतो. बोस्टनच्या खटल्यात ज्यांची नावे आली, त्या झेडएम क्वांट, सीएलएस ग्लोबल, मायट्रेड आणि गॉटबिट या कंपन्याही स्वतःला मार्केट मेकरच म्हणवत. पहिल्या तिघींवर नेक्सफंडएआयसाठी खोटी उलाढाल केल्याचा किंवा तसा कट केल्याचा आरोप होता. चौथी, गॉटबिट, हेच काम दुसऱ्या टोकनांसाठी करत होती.

काम कसे चालते? एक माणूस, किंवा त्याने लिहिलेला प्रोग्रॅम, अनेक वॉलेट उघडतो. वॉलेट उघडायला ओळखपत्र लागत नाही, पत्ता लागत नाही, पैसेही लागत नाहीत. पाहिजे तेवढी काही सेकंदांत तयार होतात. या वॉलेटांत थोडे टोकन आणि थोडे डॉलरच्या किमतीचे चलन वाटून ठेवायचे. मग पहिले वॉलेट टोकन विकत घेते, तिसरे विकते, सातवे घेते, दुसरे विकते. वेळ मागेपुढे, रक्कम कमीजास्त. दिवस संपताना सगळ्या वॉलेटांची बेरीज केली तर मालकाकडे सकाळी होते तेवढेच टोकन आणि तेवढेच पैसे असतात, फक्त शुल्क वजा झालेले. मालकी कुठेच हललेली नसते. पण साखळीवर प्रत्येक व्यवहाराची नोंद झालेली असते आणि उलाढालीचा आकडा प्रत्येक नोंदीबरोबर वाढत गेलेला असतो. यालाच वॉश ट्रेडिंग म्हणतात. आपल्या शेअर बाजारात चार-पाच दलालांनी संगनमताने एकाच शेअरची गोल गोल खरेदी-विक्री करण्याला सर्क्युलर ट्रेडिंग म्हणतात आणि त्यासाठी तेवढी माणसे फितवावी लागतात. इथे एकाच माणसाला ते सगळे जमते.

सीएलएस ग्लोबलने एफबीआयच्या टोकनासाठी हे युनिस्वॅप या विकेंद्रित बाजारावर केले. तिच्या बॉटने ३० वॉलेटांमधून सुमारे ७४० व्यवहार केले आणि त्यातून जवळजवळ ६ लाख डॉलरची उलाढाल उभी राहिली. त्या काळात त्या टोकनाची जी एकूण उलाढाल दिसत होती, तिच्यापैकी ही ९८ टक्के होती. म्हणजे कोणी बाहेरच्या माणसाने तो तक्ता पाहिला असता, तर त्याला दिसलेल्या दर शंभर डॉलरमागे खऱ्या लोकांचे दोनच डॉलर होते. एकच वॉलेट पुन्हा पुन्हा दिसू नये म्हणूनच अनेक वॉलेटांतून स्वतःशी खरेदी-विक्री केली जाते, हे कंपनीच्या माणसाने गिऱ्हाईक समजून तपासयंत्रणेच्याच माणसांना समजावून सांगितले. हे वॉश ट्रेडिंग आहे याची कल्पना असल्याचेही तो बोलला. जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने गुन्हा कबूल केला. दंड आणि जप्ती मिळून ४ लाख २८ हजार डॉलर भरायचे आणि अमेरिकेच्या क्रिप्टो बाजारात पाऊल ठेवायचे नाही, असे ठरले.

आता या ६ लाख डॉलरच्या उलाढालीला खर्च किती येतो त्याचा हिशेब करू, कारण सगळ्या प्रश्नाचे मूळ तिथे आहे. युनिस्वॅपसारख्या बाजारात प्रत्येक सौद्यावर साधारण ०.३ टक्के शुल्क कापले जाते. त्या दराने ६ लाखांच्या उलाढालीवर १,८०० डॉलर होतात. शिवाय साखळीवर व्यवहार नोंदवण्याचे शुल्क. पण हे १,८०० तरी कोणाला मिळतात? या बाजारात दलाल नसतो. टोकन आणि डॉलर यांचा एक साठा असतो, त्याला लिक्विडिटी पूल म्हणतात, आणि सौदे त्या साठ्याशी होतात. बहुतेक शुल्क मिळते ते साठा भरणाऱ्याला. छोट्या टोकनाचा साठा बहुतेक वेळा टोकन काढणाऱ्यानेच भरलेला असतो. म्हणजे त्याच्या एका खिशातून गेलेले शुल्क त्याच्याच दुसऱ्या खिशात येते. लाखो डॉलरच्या उलाढालीचा देखावा उभा करायला त्याला फक्त नोंदणीचे शुल्क आणि बॉटवाल्याची मजुरी एवढाच खरा खर्च पडतो. ज्या आकड्यावर विश्वास ठेवून लोक आयुष्याची पुंजी लावतात, तो आकडा बनवायला इतका स्वस्त असेल तर तो खोटा निघणारच. आश्चर्य वाटायचे असेल तर तो खरा निघाला तर वाटावे.

केंद्रीकृत एक्स्चेंजवर, म्हणजे जिथे कंपनी आपल्या संगणकावर ऑर्डर जुळवते तिथे, रीत थोडी वेगळी आहे. खरेदीदारांचा सर्वांत वरचा भाव आणि विक्रेत्यांचा सर्वांत खालचा भाव यांच्यामध्ये एक फट असते. छोट्या टोकनांत ती चांगली रुंद असते. बॉट त्या फटीत विक्रीची ऑर्डर टाकतो आणि दुसऱ्या खात्यातून क्षणात तीच उचलतो. मध्ये तिसरा माणूस शिरण्याआधी सौदा झालेला असतो. मोठ्या गिऱ्हाइकांना एक्स्चेंज शुल्कात सवलत देते, काही वेळा ते पूर्ण माफही करते. तसे झाले की हे सौदे जवळजवळ फुकट होतात. आणि इथल्या व्यवहारांची नोंद साखळीवर नसते, ती एक्स्चेंजच्याच वहीत असते. बाहेरच्याला खाते कोणाचे ते दिसत नाही. म्हणून इथले खोटे पकडणे युनिस्वॅपवरच्या खोट्यापेक्षा कठीण आहे.

एक्स्चेंज हे का चालू देते, असा प्रश्न साहजिकच पडतो. कारण क्रमवारी लावणारी संकेतस्थळे टोकनांप्रमाणेच एक्स्चेंजांनाही उलाढालीवरून वर-खाली लावत आली. वर दिसणाऱ्या एक्स्चेंजकडे नवी टोकने नोंदणीची फी घेऊन येतात. टोकनवाल्याला उलाढाल हवी असते, नाहीतर त्याचे टोकन यादीतून काढले जाण्याची भीती असते. एक्स्चेंजला उलाढाल हवी असते, नाहीतर ते क्रमवारीत खाली घसरते. दोघांनाही खोटे सोयीचे आणि खरे महागाचे आहे. २०१९ च्या मार्चमध्ये बिटवाइज या अमेरिकी कंपनीने तिथल्या रोखे आयोगाला ८१ एक्स्चेंजांचा अभ्यास सादर केला. बिटकॉइनची रोजची ६०० कोटी डॉलरची उलाढाल सांगितली जात होती, तिच्यापैकी सुमारे २७.३ कोटी डॉलरचीच खरी, म्हणजे सुमारे ९५ टक्के खोटी किंवा निराधार, असा तिचा निष्कर्ष होता. तिला ८१ पैकी दहाच एक्स्चेंज विश्वासार्ह वाटली. ही गोष्ट बिटकॉइनची, जगातल्या सर्वांत जास्त लक्ष असलेल्या क्रिप्टोची. कोणाचेच लक्ष नसलेल्या टोकनाचे काय होत असेल याचा अंदाज वाचकाने करावा.

त्याच वर्षी जुलैमध्ये गॉटबिटच्या संस्थापकाची, अलेक्सेई आंद्रियुनिनची मुलाखत कॉइनडेस्कने छापली. तो तेव्हा मॉस्कोत शिकणारा, विशीतला विद्यार्थी होता. १५ हजार डॉलर दिले की उलाढाल कशी फुगवून मिळते आणि टोकन क्रमवारीच्या संकेतस्थळावर कसे पोहोचते, हे त्याने स्वतःच्या नावानिशी उघड सांगितले. एवढे उघड सांगूनही त्याचा धंदा पुढे पाच वर्षे चालला. सरकारी वकिलांच्या म्हणण्याप्रमाणे गॉटबिट गिऱ्हाइकांसाठी तक्ते ठेवत असे आणि त्यांत बाजारातली आपसूक उलाढाल आणि कंपनीने तयार केलेली उलाढाल यांची तुलना असे. पोर्तुगालमध्ये अटक होऊन तो अमेरिकेत आणला गेला. मार्च २०२५ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला, कंपनीची सुमारे २.३ कोटी डॉलरची क्रिप्टो जप्त झाली आणि त्याला आठ महिन्यांची शिक्षा झाली. मला ही शिक्षा फार कमी वाटते. ज्यांनी या उलाढालीवर विसंबून टोकने घेतली, त्यांतल्या कित्येकांना त्यांचे नुकसान कोणी केले हे अजून माहीतही नसेल.

इथवर नुसता देखावा झाला. पैसा निघतो तो पुढच्या पायरीवर. पंप अँड डंप म्हणजे भाव चढवून माल लोकांच्या गळ्यात मारणे. ते छोट्या टोकनात इतके सोपे का जाते हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू.

समजा एकाने दहा कोटी टोकन काढले. त्यांतले दहा लाख टोकन आणि ५० हजार डॉलर त्याने साठ्यात टाकले. भाव झाला पाच सेंट. बाकीचे नऊ कोटी नव्वद लाख टोकन त्याच्याच वेगवेगळ्या वॉलेटांत आहेत. पाच सेंटाने दहा कोटी टोकनांचे बाजारमूल्य ५० लाख डॉलर असे संकेतस्थळावर झळकते, खरे तर त्यात ५० हजारच डॉलर आहेत आणि तेही त्याचेच. साठ्याचा नियम असा की टोकनांची संख्या आणि डॉलरची संख्या यांचा गुणाकार कायम राहिला पाहिजे. आता महिनाभर बॉट चालतो, उलाढाल फुगते, टेलिग्रामवर गट तयार होतो, आणि एके दिवशी बाहेरचे लोक मिळून ५० हजार डॉलर ओततात. साठ्यात डॉलर झाले एक लाख, म्हणजे टोकन उरले पाच लाख. भाव पाच सेंटवरून वीस सेंटवर गेला. चौपट. बाजारमूल्य ५० लाखांवरून दोन कोटी डॉलर. ५० हजार डॉलर आले आणि कागदावर दीड कोटीची संपत्ती निर्माण झाली. ज्याने पहिल्या मिनिटाला घेतले त्याला स्क्रीनवर आपले पैसे तिप्पट-चौपट झालेले दिसतात आणि तो मित्रांना फोन करतो. तो खोटे बोलत नसतो. त्याने अजून विकून पाहिलेले नसते एवढेच.

मग टोकन काढणारा आपल्या वॉलेटांतले पंधरा लाख टोकन विकतो. साठ्यात टोकन झाले वीस लाख, गुणाकार कायम राहायचा म्हणून डॉलर उरले २५ हजार. त्याच्या हातात ७५ हजार आले. भाव सव्वा सेंट. शेवटी तो साठाच काढून घेतो आणि उरलेले २५ हजारही घेऊन जातो. त्याने घातले ५० हजार, नेले एक लाख. जादा ५० हजार नेमके त्या लोकांचे. त्यांच्याकडे पाच लाख टोकन राहतात, आणि ते घ्यायला समोर साठाही नाही, माणूसही नाही. या खेळात बाहेरून कुठलीच संपत्ती येत नाही. एकाचा नफा हा दुसऱ्याचा तोटाच असतो. मायट्रेडचा चालक तपासयंत्रणेच्या माणसांशी बोलताना हेच बोलला होता. आपल्याला नफा व्हायचा तर बाहेरच्या खरेदीदारांना तोटा व्हावाच लागेल, अशा अर्थाचे ते बोलणे आरोपपत्रात आहे. त्यानेही गुन्हा कबूल केला.

पंपाचा वेग किती असतो याची कल्पना सामान्य माणसाला नसते. टेलिग्रामवरच्या अशा गटांचा अभ्यास जिआहुआ शू आणि बेंजामिन लिवशित्स या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी तपशीलवार मांडलेल्या एका घटनेत, नोव्हेंबर २०१८ मध्ये क्रिप्टोपिया या एक्स्चेंजवर बीव्हीबी नावाच्या मरगळलेल्या नाण्याचे नाव गटात जाहीर झाले, आणि अठरा सेकंदांच्या आसपास भाव शिखरावर पोहोचला. साडेतीन मिनिटांत तो सुरुवातीच्या भावाखाली होता. गटातला सभासद संदेश वाचून, ॲप उघडून, रक्कम टाकून बटण दाबेपर्यंत सगळे आटोपलेले असते. चालकाने माल आधीच स्वस्तात गोळा करून ठेवलेला असतो. सभासद आपण कटात सामील आहोत असे समजतो. प्रत्यक्षात त्याला बोलावलेले असते ते माल घेण्यासाठी.

खोटी उलाढाल ओळखता येते का? काही प्रमाणात येते, आणि त्यासाठी फार तांत्रिक ज्ञानही लागत नाही. सर्वांत आधी उलाढाल आणि साठा यांची तुलना करावी. वरच्या उदाहरणात सुरुवातीला साठ्यात ५० हजार डॉलर आहेत. चोवीस तासांची उलाढाल पाच लाख दिसत असेल, तर तेवढाच पैसा दिवसात दहा वेळा फिरला. एवढी उलाढाल होऊनही भाव जागचा हलला नसेल तर संशय घ्यायलाच हवा, कारण खरे लोक कधी सगळे घेतात, कधी सगळे विकतात, आणि इतक्या उथळ साठ्यात भाव गदागदा हलतो. त्या साठ्यात ५० हजार टोकन, म्हणजे अडीच हजार डॉलरचा माल विकायला गेलात तर हातात सुमारे २,३८० डॉलर येतात आणि भाव नऊ टक्क्यांहून अधिक पडतो. विकत घेण्यापूर्वी विक्रीचा पडदा उघडून, सौदा न करता, किती मिळतील ते पाहता येते. ही एक तपासणी उलाढालीच्या कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त खरे सांगते, कारण उलाढाल फुगवता येते, पण साठ्यात पैसे असल्याचे सोंग आणता येत नाही. पैसे ठेवावेच लागतात. अर्थात ते काढूनही घेता येतात, म्हणून साठा किती काळासाठी कुलूपबंद आहे हेही पाहावे लागते.

दुसरी खूण वॉलेटांची. साखळीवरचे टोकन असेल तर सौदे करणारी वॉलेटे किती आहेत आणि त्यांना पहिले पैसे कुठून आले हे साखळीच्या नोंदवहीत कोणालाही पाहता येते. तीस वॉलेटांना एकाच दिवशी, एकाच वॉलेटातून पैसे आले असतील तर ती तीस माणसे नव्हेत. तिसरी खूण रकमांची. माणूस शंभर, पाचशे, हजार अशा गोल रकमांनी घेतो. बॉटला गोलाईचे आकर्षण नसते. लिन विल्यम काँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २९ एक्स्चेंजांच्या सौद्यांची तपासणी करताना हीच गोष्ट एक कसोटी म्हणून वापरली. खऱ्या बाजारात सौदे गोल आकड्यांभोवती गर्दी करतात, नियमनाबाहेरच्या एक्स्चेंजांवर ती गर्दी नाहीशी झालेली दिसते. अशा एक्स्चेंजांवर सरासरी ७० टक्क्यांहून अधिक उलाढाल खोटी असावी, असा त्यांचा अंदाज आहे.

या खुणांना मर्यादा आहेत, त्या सांगितल्याच पाहिजेत. दोन बाजारांतल्या भावफरकाचा फायदा घेणारे प्रामाणिक बॉटही मिनिटाला घेतात आणि मिनिटाला विकतात. ते वॉश ट्रेडिंग नव्हे, कारण समोरचा पैसा खरोखर दुसऱ्याचा असतो. खरा मार्केट मेकरही दोन्ही बाजूंनी सौदे करतो. आणि खुणा जाहीर झाल्या की बॉटवाले त्या चुकवायला शिकतात. गोल आकडे टाकणे काही अवघड नाही. वॉलेटांना वेगवेगळ्या एक्स्चेंजांतून पैसे पाठवणेही अवघड नाही. म्हणून गुंतवणूकदाराने सावध राहावे असे म्हणून हा विषय संपवता येत नाही. पुण्यातला किंवा नाशिकचा पगारदार माणूस रात्री वॉलेटांचा माग काढत बसेल ही अपेक्षा अन्यायाची आहे.

जबाबदारी आकडा दाखवणाऱ्याची आहे. एक्स्चेंजला ठाऊक असते की कुठली दोन खाती एकमेकांशीच सौदे करतात. ओळखपत्रे त्याच्याकडे आहेत, कुठल्या संगणकावरून ऑर्डर आली त्याची नोंद त्याच्याकडे आहे. आपल्या शेअर बाजारात सेबीच्या २००३ च्या नियमांनी मालकी न हलवता केलेले खोटे सौदे आणि भाव फिरवणे ही फसवणूक ठरवली आहे, आणि एक्स्चेंजला देखरेख ठेवावी लागते. तिथेही गैरप्रकार होतात, पण निदान कोणाकडे जायचे ते माहीत असते. टोकने मात्र आजवर रोख्यांत मोडत नसल्याने हे नियम त्यांना लागू पडत नाहीत. मार्च २०२३ पासून क्रिप्टो एक्स्चेंज मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आणली गेली. त्याने ग्राहकाची ओळख आणि संशयास्पद पैशाची खबर देणे बंधनकारक झाले. भाव फुगवण्यापासून ग्राहकाला वाचवणे हा त्या कायद्याचा हेतू नाही.

करांच्या बाबतीत मात्र सरकारने २०२२ पासूनच पक्की व्यवस्था केली आहे. नफ्यावर ३० टक्के कर, प्रत्येक विक्रीवर एक टक्का कपात, आणि एका टोकनातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करायला बंदी. या एक टक्क्याचा एक चांगला परिणाम आहे, तोही नोंदवला पाहिजे. देशी एक्स्चेंजवर बॉटने स्वतःशीच सौदे करायचे म्हटले तर प्रत्येक विक्रीमागे एक टक्का अडकून पडतो, त्यामुळे हा उद्योग इथे परवडत नाही. पण त्याच कपातीमुळे अनेक ग्राहक परदेशी एक्स्चेंजांकडे आणि युनिस्वॅपसारख्या बाजारांकडे वळले, जिथे हा उद्योग सगळ्यांत स्वस्त आहे. तिथे फसलेल्याने एका टोकनात तीन लाख गमावले आणि दुसऱ्यात दोन लाख कमावले, तर प्रत्यक्षात लाखाचा तोटा होऊनही दोन लाखांवरचा कर त्याने भरायचा. नफ्यात वाटा मागणाऱ्या सरकारने त्या बाजारातले आकडे खरे असावेत याचीही काळजी घ्यायला हवी, असे म्हणणे गैर नाही.

मागणी मोठी नाही. देशात नोंदणी झालेल्या प्रत्येक एक्स्चेंजने टोकनाच्या पानावर उलाढालीच्या शेजारी दोन आकडे तेवढ्याच ठळक अक्षरांत द्यावेत. भाव दोन टक्के पाडायला किती रुपयांची विक्री पुरते, हा एक. आणि दिवसभरात एकमेकांशी संबंध नसलेल्या किती ग्राहकांनी सौदे केले, हा दुसरा. एकाच मालकाच्या दोन खात्यांमधला सौदा जुळण्याआधीच रद्द करणारी सोय शेअर बाजारात आहे, ती इथेही सक्तीची करावी. क्रमवारीच्या संकेतस्थळांवर आपला कायदा चालणार नाही, पण त्यांची उलाढाल जशीच्या तशी उचलून आपल्या ॲपवर दाखवणाऱ्या भारतीय कंपनीवर चालतो. वित्त मंत्रालयाला यासाठी नवा कायदा येईपर्यंत थांबण्याचीही गरज नाही. नोंदणीच्या अटींत या तीन ओळी घालता येतात.